ईदाचं होमस्टे आणि परत आल्यावरची ती छोटी चिठ्ठी

नोव्हेंबरमध्ये मी आणि माझी धाकटी बहीण जपानला जाऊन आलो, त्यातल्या चार रात्री नागानो प्रांतातल्या ईदा शहराजवळ एका शेतकरी कुटुंबाकडे राहिलो. टोकियो-क्योतोबद्दल सगळेच लिहितात, ते सोडून देते. ईदाला राहून आल्यावर यजमानांना आभाराची चिठ्ठी कशी लिहायची, कधी पाठवायची, कशावर लिहायची यात आम्ही जेवढा गोंधळ घातला तेवढा अख्ख्या ट्रिपमध्ये कुठे घातला नाही, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी तेच नीट लिहितेय.

आधी थोडं घराबद्दल, कारण चिठ्ठीत शेवटी हेच येतं. टोकियोच्या शिंजुकूहून हायवे बसने चार तासांच्या वर लागतात. घरात ओतोओसान (म्हणजे बाबा), ओकाआसान (आई) आणि ऐंशीच्या घरातल्या ओबाआचान, आजी. तो सीझन पर्सिमॉन सुकवण्याचा, या भागातलं इचिदा-गाकि नावाचं सुकं पर्सिमॉन फेमस आहे. फळ ताजं असताना इतकं तुरट की जीभ आखडते, आपण कच्चं केळं चावल्यावर होतं ना तसं, पण सोलून दोऱ्यांवर टांगून ठेवलं की हळूहळू तुरटपणा जातो आणि नंतर त्याच्यावर पिठासारखी पांढरी साखर येते. आम्ही दोन दिवस नुसती फळं सोलत होतो, गप्पा मारत. माझं जपानी परीक्षेच्या एन-फोर पातळीपर्यंत, पुण्यात क्लास लावून शिकलेलं, बहिणीचं शून्य, तरी सोलण्यात तीच फास्ट.

आता आपल्याकडची अडचण. आपल्याकडे घरच्यांना थँक्यू म्हटलं की "एवढं परकं करतेस होय?" असं ऐकायला मिळतं, मावशीकडे आठ दिवस राहून निघताना पाया पडतो, डबा घेतो आणि गाडीत बसतो, पत्र वगैरे कोण लिहितं. जपानमध्ये उलटं आहे, निघताना म्हटलेलं थँक्यू हा पहिला हप्ता. दुसरा घरी पोचल्यावर चिठ्ठीने द्यायचा, आणि नंतर कधी फोन झाला किंवा भेट झाली तर सुरुवातच "सेन्जित्सु वा आरिगातोओ गोझाइमाशिता" म्हणजे "परवाच्याबद्दल आभार" अशी करायची. हे माझ्या जपानीच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं, पण खरं कळलं तिथे. ओकाआसान शेजारणीला फोन करत होत्या, आधी दोन मिनिटं मागच्या आठवड्यातल्या मुळ्यांबद्दल आभार, मग कामाचं.

चिठ्ठी कधी पाठवायची? दोन-तीन दिवसांत गेली तर उत्तम, आठवड्याच्या पुढे ताणू नका. आणि भारतात परत येऊन पाठवेन म्हणाल तर ती कधी पोचेल ते आपल्या हातात नाही. त्यामुळे माझा एक नंबरचा सल्ला, होमस्टे ट्रिपच्या शेवटी न ठेवता मधे ठेवा आणि जपानमधूनच पोस्ट करा. देशांतर्गत साधं पत्र 50 ग्रॅमपर्यंत 110 येन, पोस्टकार्ड 85 येन, हे ऑक्टोबर 2024 पासूनचे रेट. तिकीट कोन्बिनीत म्हणजे चोवीस तासवाल्या दुकानातही मिळतं. फक्त शनिवार-रविवार साधी पत्रं वाटत नाहीत, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी डब्यात टाकून शनिवारी पोचलं का बघू नका.

आता कागद. मी उत्साहात मोठं पत्राचं पॅड घेतलं आणि तीन ओळी लिहून अडकले, खाली सगळं पान रिकामं. तिथे छोट्या चिठ्ठीसाठी वेगळा कागदच असतो, इप्पित्सुसेन म्हणतात, लांबट अरुंद पट्टी, पाच-सहा ओळींत पान भरतं. शंभर येनच्या दुकानातही पॅड मिळतं, शिवाय सीझनप्रमाणे चित्रं, मी मेपलच्या पानांचं घेतलं. मोठ्या पत्राला एकच पान पाठवू नये, मागे एक कोरं जोडावं असा जुना रिवाज आहे, आता कमी पाळतात, पण इप्पित्सुसेनला तो प्रश्नच नाही, एक पान पुरेसं. ज्यांचं जपानी माझ्यासारखं कामचलाऊ आहे त्यांच्यासाठी तर वरदान आहे, कारण जास्त लिहायला जागाच नाही म्हणून चुकाही कमी.

पेनाची गोष्ट सांगायलाच हवी. लाल शाई नको, पेन्सिल नको, एवढं मला माहीत होतं. पण चुका होणार म्हणून मी खोडता येणारं जेल पेन घेतलं, घासलं की शाई गायब होते ते. टोकियोच्या हॉटेलात रात्री बसून मस्त चिठ्ठी लिहिली, कांजी म्हणजे चिनी वळणाची अक्षरं एकेक वहीत बघून, आणि बहिणीच्या ओल्या केसांचं पाणी पडलं कागदावर. तर मी शहाणीने हेअर ड्रायर लावला. अर्धी चिठ्ठी डोळ्यांसमोर गायब!! ती शाई साधारण 60 डिग्रीच्या वर उष्णतेनेच जाते, घासल्यावर जाते तीही घासण्याच्या उष्णतेने. फ्रीझरमध्ये चांगली गार केली तर परत उमटते म्हणे, पण हॉटेलच्या त्या टीचभर फ्रीजमध्ये फ्रीझर कुठला. परत लिहिली, साध्या काळ्या बॉलपेनने. पाकिटावरचा पत्ता तर अशा पेनाने अजिबातच लिहू नका, उन्हात तापलेल्या गाडीत पत्ताच उडाला तर पत्र जाणार कुठे.

मजकूर काय? बाईंचा नियम असा की "सगळं छान होतं" लिहायचं नाही, एकच गोष्ट निवडायची जी फक्त त्याच घरात झाली. आमची चिठ्ठी अशी होती, मी देवनागरीत देतेय, तुम्ही हिरागानात म्हणजे जपानीच्या सोप्या लिपीत लिहा, कांजी येत नसेल तर चालतं, बाहेरून आलेल्याकडून हिरागानाची अपेक्षा असते.

"ओतोओसान, ओकाआसान, ओबाआचान ए. योक्काकान, ताइहेन ओसेवा नि नारिमाशिता. आरिगातोओ गोझाइमाशिता. इश्शोनि काकि ओ मुइता कोतो गा इचिबान तानोशिकात्ता देसु. सामुकु नारिमासु नोदे, दोओका ओकारादा ओ ताइसेत्सु नि."

म्हणजे: चार दिवस तुम्ही आमची खूप काळजी घेतलीत, आभार. एकत्र बसून पर्सिमॉन सोलले ते सगळ्यात मजेचं होतं. आता थंडी वाढेल, तब्येतीला जपा. खाली तारीख आणि आमची दोघींची नावं काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या लिपीत.

यात दोन जागा लक्षात ठेवा. "ओसेवा नि नारिमाशिता" हे वाक्य चुकवू नका, नुसत्या आरिगातोओने ते काम होत नाही, तुम्ही आमच्यासाठी जो व्याप केलात तो आम्हाला कळला असा त्याचा अर्थ. आणि "गोझाइमासु" नाही, "गोझाइमाशिता", कारण राहणं संपलंय. मी पहिल्या मसुद्यात गोझाइमासु लिहिलं होतं, बहिणीला काय कळतंय, ती म्हणाली मस्त आहे.

सोबत काय पाठवायचं यावर आमचं भांडण झालं. तिला सिल्कची ओढणी पाठवायची होती. मी नको म्हटलं, कारण तिथे भेट आली की परतभेट द्यायची, ओकाएशि, साधारण निम्म्या किमतीची धरतात, म्हणजे आपण आभार मानायला जाऊन त्यांच्या डोक्यावर खरेदी टाकतो. भेटवस्तू पहिल्या दिवशी हातात द्यायची ती आम्ही दिली होती, चितळ्यांची बाकरवडी आणि एक टेबल रनर, ते पुरे. चिठ्ठीत फक्त फोटो घाला, कोन्बिनीतल्या मोठ्या कॉपी मशीनवर फोनमधून लगेच प्रिंट निघतात. आम्ही तीन टाकले, त्यातला एक ओबाआचान आणि बहीण सोलताना.

आणि एक मिझुहिकि. ईदा या दोरीसाठी प्रसिद्ध आहे, कागदाला पीळ देऊन केलेली कडक दोरी, भेटीच्या पाकिटांवर गाठ मारून बांधतात, देशातलं बहुतेक मिझुहिकि याच भागात होतं. ओबाआचाननी आम्हाला आवाजि-मुसुबि नावाची गाठ शिकवली, दोन्ही टोकं ओढली की आणखी घट्ट होते. बहिणीने काळी-पांढरी दोरी उचलली, दिसायला स्टायलिश म्हणून, तर ओबाआचाननी हसत हसत ती काढून घेऊन लाल-पांढरी हातात दिली, काळी-पांढरी मयताच्या पाकिटाला! गाठीतही भानगड आहे, फुलपाखरासारखी सुटणारी गाठ परत परत व्हाव्या अशा गोष्टींना, आणि न सुटणारी मुसुबिकिरि एकदाच व्हाव्या अशांना, म्हणजे लग्न किंवा अंत्यसंस्कार. दुकानातून तयार पाकीट घेत असाल तर आधी विचारा, नाहीतर छान दिसतं म्हणून शोकाचं उचलाल. आम्ही आमची वेडीवाकडी लाल-पांढरी गाठ चिठ्ठीला चिकटवली.

पत्त्याबद्दल शेवटचं. पहिल्याच दिवशी त्यांनाच कागदावर लिहायला सांगा, नावाची कांजी ऐकून कळत नाही. आपल्या उलट क्रम, आधी सात आकडी पिनकोड (ईदाचे बरेचसे 395 ने सुरू होतात), मग प्रांत, शहर, वाडी, घर नंबर, शेवटी नाव. नावापुढे आदरासाठी पाकिटावर "सान" लावायचं नाही, "सामा" लावायचं. मागे आपलं नाव लिहिताना मात्र त्याला सामा लावू नका, मी जवळजवळ लावणार होते. भारतातूनच पाठवत असाल तर जपानी पत्ता चालतो, फक्त देशाचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा.

जानेवारीत त्यांचं कार्ड आलं. पहिली ओळ काय, तर चिठ्ठीबद्दल आभार. घरात लगेच चर्चा, आता आभारांच्या आभारांना आभार द्यायचे का. बाई म्हणाल्या, तिथे थांबा, नाहीतर हे जन्मभर चालेल, त्यापेक्षा उन्हाळ्यात शोचूमिमाइ पाठवा, कडक उन्हाळ्यात "बरे आहात ना" विचारणारं कार्ड. ते साधारण 7 ऑगस्टच्या आत पोचायला हवं, नंतर पोचलं तर नाव बदलून झान्शोमिमाइ होतं. इथून टपाल किती दिवस घेईल काय माहीत, म्हणून आम्ही कार्डावर तेवढी एक ओळ कोरी ठेवलीय, टाकायच्या दिवशी ठरवू कुठलं लिहायचं ते.