एका शेराने माझा अख्खा आठवडा खाल्ला

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी 'शंभर वर्षांतलं रोजचं जगणं' यावर क्विझ लिहून दिली. पंचवीस प्रश्न, चार टीम. चूल, स्टोव्ह, रॉकेल, रेडिओचं लायसन्स, तार, ट्रंक कॉल हे दोन संध्याकाळीत झालं. अडकलं ते प्रश्न सातवर, आणि अजून आठवलं की राग येतो.

प्रश्न साधा होता, 'एक शेर म्हणजे किती ग्रॅम?' मी उत्तर लिहिलं होतं 933. तोळा 11.66 ग्रॅमचा, शेर 80 तोळ्यांचा, गुणाकार केला की तेवढेच येतात. तपासणाऱ्या काकांनी लाल पेनाने गोल करून स्क्रिप्ट परत पाठवली. का, ते सांगितलं नाही! तीन दिवस मी गुणाकारच तपासत बसले. शेवटी मी काकांच्या घरी गेले तर ते म्हणाले, "अहो, मुंबईचा शेर 28 तोळ्यांचा." म्हणजे जेमतेम 327 ग्रॅम. हे पहिल्याच दिवशी समासात लिहिलं असतं तर?

मग मी '80 तोळ्यांचा पक्का शेर' असं लिहून पुन्हा दिलं. आता शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे शेर वजनाचा नव्हताच, भरून मोजायचा. त्यांनी घरून पितळी मापटं आणलं, आतून काळं पडलेलं, काठाला पोचा आलेला. त्यात तांदूळ भरून हाताने सपाट केले आणि म्हणाल्या, अशी दोन म्हणजे शेर, चार शेरांची पायली, आता याचे ग्रॅम सांग. सांगणार काय, तांदळाचं मापटं वेगळं भरणार आणि पोह्यांचं वेगळं, माप तेच पण वजन दुसरं. तेव्हा कुठे मला कळलं की प्रश्नच चुकला होता, उत्तर नाही. 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आला तो याच घोळासाठी.

शेवटी प्रश्न असा केला: 'चिपटं, मापटं, अधोली, पायली लहानापासून क्रमाने लावा'. ग्रॅम काढूनच टाकले, आणि एका तासात मंजूर झालं.

तुम्ही लिहिणार असाल तर माप, भाव, मजुरी यावर प्रश्न काढताना गावाचं नाव आणि साल प्रश्नातच घाला. नाण्यांचंही तेच, 1957 च्या एप्रिलआधीचा रुपया 64 पैशांचा आणि नंतरचा 100 नव्या पैशांचा, त्यामुळे नुसतं 'रुपयाचे पैसे किती' विचारलंत तर दोन्ही टीम बरोबर असतात. आण्याचंही बघा, हिशेबाने सव्वासहा नवे पैसे पण सुटा आणा दिला तर मिळायचे 6च, तेव्हा उत्तरपत्रिकेत दोन्ही लिहून ठेवा. हो, आणि अक्षर मोठं छापा, प्रश्न दोनदा वाचा, हे आधीच सांगायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी काकूंचं मापटं टेबलावर ठेवलं होतं. सातव्या प्रश्नाला चारही टीमचे हात एकदम वर गेले आणि उत्तर देऊन झाल्यावरही दहा मिनिटं कुणी आठव्या प्रश्नाकडे वळू देईना.