‘हँडमेड’च्या लेबलाखालची कळशी

तांब्याची हाताने घडवलेली कळशी हवी होती. पुण्यात त्यासाठी कसबा पेठेतली तांबट आळी आहेच, पण वाटेत एका मोठ्या दुकानात डोकावले आणि अख्खी दुपार तिथेच घालवली.

कळशीवर ‘हँडमेड’चं लेबल, अंगभर ठोके. “मॅडम, एकेक ठोका हाताचा आहे,” विक्रेता म्हणाला. सगळे ठोके मात्र एका मापाचे, एका अंतरावर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. आत हात घातला तर बाहेरच्या प्रत्येक खळग्यामागे आत तेवढाच उंचवटा! म्हणजे पातळ पत्रा साच्यात दाबलेला. मठारकाम करताना भांडं आतून लोखंडी आधारावर चढवतात आणि बाहेरून हातोडी मारतात. पत्रा दोन्हींच्या मध्ये चेपला जातो, त्यामुळे बाहेर चपटे, एकमेकांवर थोडे चढलेले ठोके दिसतात आणि आतली बाजू बरीचशी सपाट राहते. हे सांगितलं तर म्हणे, “ही नवीन पद्धत आहे.” वजन विचारलं तर म्हणे, “आम्ही नगावर विकतो.” वजनकाटा समोर होता, तरी कळशी त्यावर ठेवायला तयार नाही. माझं डोकं तिथे फिरलं. तांबं किलोवर विकायची चीज आहे. वजन लपवलं की पत्रा पातळ असणार, एवढं समजून घ्यायचं.

लोहचुंबक न्यावंच, पण त्याच्यावर विसंबू नये. ते चिकटलं तर आत लोखंड, हे नक्की. न चिकटलं म्हणून तांबंच, असं मात्र नाही, कारण बऱ्याच स्टीललाही ते चिकटत नाही. तांब्याचा नुसता मुलामा असेल तर काठाच्या आत किंवा तळाच्या ओरखड्यात पांढरा धातू डोकावतो.

आळीत काम पटकन झालं. तिथल्या काकांनी आपणहून सांगितलं, “ही बॉडी मशीनवर ओढलेली आहे, मठार हाताचा. पूर्ण हाताची हवी तर ही.” मशीनवरच्या भांड्याला सहसा सांधा नसतो आणि तळाच्या मध्याभोवती बारीक गोल रेघा असतात, मठारलं की त्या बऱ्याचशा पुसल्या जातात. पूर्ण हाताच्या कळशीला जोड होता, त्यात पितळी डाकाची पिवळसर रेघ. मला तो दोष वाटला होता, पण तीच तर खूण! डाक देताना तापून तांबं मऊ पडतं, मठारल्यावर परत कडक होतं. मठार नीट बसलेली कळशी अंगठ्याने दाबून दबत नाही. दुकानातली दबत होती.

हो, एक राहिलं. लिंबू-मीठ पुडीत न्या आणि विचारून तळाला चोळा. काळपट तांबं लगेच गुलाबी होतं. काहीच फरक पडला नाही तर वर लाखेचा थर असू शकतो. पाण्याच्या कळशीला कल्हई लागत नाही. आमटीसाठी पातेलं घेणार असाल तर कल्हई करूनच घ्या.