यादीला लागलेल्या मुंग्या

कऱ्हाडच्या एका किराणा दुकानासाठी मी ऑर्डरची चॅट करून दिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांचा फोन आला. "अरे, तुझ्या यादीला मुंग्या लागल्यात. येऊन बघ."

गेलो. गल्ल्याशेजारच्या जुन्या टॅबवर हे दिसत होतं:

```
**ऑर्डर**
- **साखर** : ५ किलो
- **शेंगदाणे** : २ किलो
```

दुखणं लगेच कळलं. सर्व्हर यादी मार्कडाउनमध्ये पाठवत होता. त्यात दुहेरी फुल्यांमधला मजकूर ठळक करायचा असतो आणि ओळीच्या सुरुवातीच्या रेघेचा ठिपका करायचा असतो. पण ते काम चॅटच्या खिडकीनं करायचं, आणि माझी खिडकी आलेला मजकूर जसाच्या तसा छापत होती. मी तिथंच बसून मार्कडाउन वाचणारी लायब्ररी जोडली आणि खिडकीत येणारा प्रत्येक संदेश तिच्यातून जाईल असं केलं. यादी नीटनेटकी झाली. अण्णांनी चहा पाजला. मी खूश.

दुपारी पुन्हा फोन. या वेळी आवाज चढलेला. "एकतीस लिटर तेल कोण नेतं रे घरी?"

काउंटरवर पोऱ्यानं तेलाच्या पिशव्यांची चळत लावली होती. टॅबवर गिऱ्हाइकाची ओळ होती: "तूप २५०० ग्रॅम, तेल ३१ लिटर". मी वाकून पाहिलं, तर "५०० ग्रॅम, तेल ३" एवढाच तुकडा तिरका होता. पोटात गोळाच आला. डेटाबेसमधला मूळ मजकूर काढला:

```
तूप २*५०० ग्रॅम, तेल ३*१ लिटर
```

म्हणजे अर्धा किलोचे दोन डबे आणि लिटरच्या तीन पिशव्या. वहीत आपण गुणिले लिहितो, पण फोनवर ते चिन्ह शोधत कोण बसतो? लोक फुली मारतात. आणि मार्कडाउनमध्ये एकेरी फुल्यांची जोडी म्हणजे मधला मजकूर तिरका करा. फुल्या आकड्यांना चिकटलेल्या होत्या, म्हणून लायब्ररीनं जोडी जमवली आणि दोन्ही फुल्या गिळल्या. ओळीत एकच फुली असती तर ती तशीच राहिली असती. म्हणूनच मी दिलेल्या चाचणीत, "साबण ४*१००" मध्ये, काहीच बिघडलं नव्हतं.

सकाळी मुंग्या होत्या, पण निदान आकडे खरे होते. ते मी बिघडवले.

दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली. सर्व्हरनं बनवलेली यादी तेवढी लायब्ररीतून जाईल. माणसानं टाइप केलेलं काहीही `textContent` मध्ये, अक्षर न अक्षर तसंच. सकाळपासूनच्या सगळ्या ऑर्डरी अण्णा आणि मी मूळ मजकुराशी ताडून पाहिल्या. आणखी एका ऑर्डरीत रव्याचा घोळ सापडला, पण माल अजून बांधायचा होता.

पोऱ्या तोवर अठ्ठावीस पिशव्या परत फळीवर लावत होता, माझ्याकडे न बघता.