काकूंचा बुधवार आणि आमची वाटचाल

लातूरला आमचं छोटं ऑफिस आहे, माणसं तीन. आधी आम्ही दुकानांच्या आणि शिकवण्यांच्या वेबसाइट करायचो. तीन वर्षांपूर्वी उदगीरच्या एका काकूंचं काम आलं आणि बघता बघता तेच आमचं मुख्य काम झालं. काकू यूट्यूबवर येसर, हुलग्याचे शेंगुळे, धपाटे असं आपल्याकडचं शिकवायच्या. बघणारे पुष्कळ होते, पण जाहिरातीच्या पैशातून महिन्याचा सिलिंडरही निघत नव्हता. त्यांना दर आठवड्याला एक वर्ग घ्यायचा होता, महिन्याची फी लावायची होती, आणि शिकणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं.

फी ₹१९९ ठरवली. पहिल्या महिन्यात १४० जणी आल्या. बहुतेक मूळच्या आपल्याकडच्या, पण आता पुण्यात, हैदराबादला, संभाजीनगरला राहणाऱ्या. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या महिन्यात ८३ उरल्या.

कशामुळे गेल्या याचे अंदाज बांधत बसण्यापेक्षा मी आणि माझी बहीण फोन घेऊन बसलो. ५७ जणींना फोन केले, चार दिवस लागले. या धंद्यात मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या चार दिवसांत शिकलो.

५७ पैकी २१ जणींना जायचंच नव्हतं. त्यांचे पैसेच कापले गेले नव्हते. आम्ही यूपीआय ऑटोपे लावलं होतं आणि तारीख १ ठेवली होती. पगार सातला होतो, नवरा पैसे आठला खात्यात टाकतो, मग १ तारखेला शिल्लक कुठून असणार? काही जणींनी तर ऑटोपेची परवानगी स्वतःच रद्द केली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. ती सूचना गेली, पण तिच्यात नाव आमच्या कंपनीचं होतं. काकूंचं नाव कुठेच नाही. परभणीच्या एक ताई मला म्हणाल्या, "दादा, मला वाटलं कुणीतरी फसवायलंय. मी तर लेकीला पण सांगितलं, ते बंद कर म्हणून." चूक आमची होती. पेमेंटचं खातं सोयीसाठी आम्ही आमच्या नावावर काढलं होतं.

आम्ही काकूंच्या नावाने उद्योगाची नोंद केली, त्यांच्या नावावर खातं काढलं आणि तारीख १० केली. पण ऑटोपेची परवानगी ज्याने मागितली त्याच्याच खात्याशी बांधलेली असते, ती आमच्या खात्यावरून काकूंच्या खात्यावर नेता आली नाही. त्यामुळे उरलेल्या सगळ्या जणींकडून ती नव्याने घ्यावी लागली आणि त्यात अजून १२ जणी गळाल्या. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, शिकवणाऱ्याच्या मेंबरांचे पैसे पहिल्या दिवसापासून शिकवणाऱ्याच्याच खात्यात. उद्या काकूंनी आम्हाला सोडलं तरी त्यांच्या बायका त्यांच्याजवळ राहिल्या पाहिजेत. ज्यांना ऑटोपेचा धसका आहे त्यांच्यासाठी तीन महिन्यांचे ₹५४९ एकदम भरायची सोय ठेवली. साठी ओलांडलेल्या बहुतेक जणी तेच घेतात.

उरलेल्या ३६ जणी मात्र ठरवून गेल्या होत्या. पदार्थ आवडले नाहीत असं एकीनेही सांगितलं नाही. त्यातल्या २४ जणी एकाही वर्गाला आल्या नव्हत्या. आम्ही वर्ग रात्री ८ ला ठेवला होता. त्या वेळी घरोघरी तव्यावर भाकरी असते, लेकरं अभ्यासाला बसलेली असतात. काकू हे आधीपासून सांगत होत्या, आम्हीच नोकरी करणाऱ्या मुलींचा विचार करून रात्र धरून बसलो होतो. वर्ग बुधवारी दुपारी ३ ला आणला. जेवणं झालेली, भांडी आवरलेली, चहाला अवकाश. नोकरीवाल्या रात्री रेकॉर्डिंग बघतात, त्यांचं काही अडत नाही. सामानाची यादी रविवारी सकाळी जाते, कारण हुलगे किंवा कारळं पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, शोधायला दोन दिवस लागतात.

पण खरा फरक शनिवारने पडला. बुधवारी शिकलेला पदार्थ करून शनिवारपर्यंत फोटो टाकायचा, आणि संध्याकाळी काकू प्रत्येक फोटोला आवाजात उत्तर देणार. हे सुचलं भाकरीमुळे. पुण्याच्या एका मुलीने ज्वारीच्या भाकरीचा फोटो टाकला होता, कडा चिरलेल्या आणि मधे भेग. काकूंनी बघितलं आणि विचारलं, "बाळा, पीठ कधी दळलेलं आहे?" दोन महिन्यांपूर्वीचं, दुकानातलं पाकीट. काकूंनी समजावून सांगितलं की ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, जुन्या पिठाची तर विरी गेलेली असते, त्याला गार पाणी चालत नाही. पाणी उकळून पिठात ओत, झाकून ठेव, कोमट झालं की तळहाताने रगडून मळ. ताजं पीठ मिळालं तर आठ दिवस पुरेल एवढंच दळून आण. पुढच्या शनिवारी त्या मुलीची भाकरी टम्म फुगली होती. व्हिडिओत काकू पीठ मळताना दिसतात, पण तिचं पीठ जुनं आहे हे व्हिडिओला कसं कळणार?

त्यानंतर आम्ही एकच गोष्ट मोजायला लागलो. नवीन मेंबरने पहिल्या दोन आठवड्यांत एक तरी फोटो टाकला का? ज्यांनी टाकला त्या सहा-सहा महिने राहतात, ज्यांनी नाही टाकला त्या बहुतेक करून दुसऱ्या महिन्याची फी भरायच्या वेळी जातात. म्हणून अकराव्या दिवशी बहीण अशा प्रत्येकीला फोन करते. फीचा विषय काढत नाही, "ताई, सामान मिळालं का?" एवढंच विचारते. उत्तर बहुतेक वेळा सामानाचंच असतं. नाहीतर, "माझं बिघडलं, असला फोटो कसा टाकू?" त्यावर काकूंनी स्वतःच्या करपलेल्या धपाट्याचा फोटो टाकला. त्या आठवड्यात बिघडलेल्या पदार्थांचे फोटो धडाधड आले.

हे सगळं आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपवर चालायचं. त्यात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. एका मेंबरच्या घरच्या माणसाने तिचा फोन वापरून दोघी-तिघींना नको ते मेसेज केले. तो नंबर त्याच दिवशी ग्रुपमधून काढून टाकला, आणि पंधरा दिवसांत सगळं आमच्या स्वतःच्या साइटवर हलवलं. मोबाइलवर ओटीपी येतो, आत फक्त नाव आणि गाव दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आता नुसती आठवण जाते. रेकॉर्डिंगही त्याच साइटवर आलं. पूर्वी ते यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवायचो आणि लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघायचा. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं, नंबरांचं मात्र अजून वाटतं.

आता २५० मेंबर आहेत आणि आम्ही दार तिथेच लावलंय. शनिवारी ९० च्या आसपास फोटो येतात. एका फोटोला मिनिट धरलं तरी काकूंचा दीड तास जातो, शेवटच्या वीस फोटोंपर्यंत आवाज बसतो. वेळ अमावस्येच्या आठवड्यात भज्जी आणि आंबिल शिकवलं तेव्हा १४० फोटो आले आणि काकू रात्री अकरापर्यंत बसल्या. मी म्हटलं, "काकू, अर्ध्यांना नुसता अंगठा दाखवा." त्या म्हणाल्या, "अरे, तिनं पैसे भरलेत अन् चुलीपुढं उभी राहून केलंय. मी नुसता अंगठा दाखवू?"

त्यामुळे गेल्या महिन्यापासून काकूंच्या जाऊबाई शनिवारी शेजारी बसतात. आधी त्या उत्तर सांगतात, काकू ऐकतात, दुरुस्त करतात, मग ते रेकॉर्ड होतं. भाकरी, धपाटे आणि शेंगुळ्यांची उत्तरं आता जाऊबाई एकट्या देतात. येसराची अजून काकूच देतात.