स्टॉपची तार

पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला पीएलसीचे, म्हणजे प्रोग्रामनुसार यंत्रे चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाचे, पहिले प्रात्यक्षिक घेण्यासाठी मी जे टाचण काढले होते, त्यात स्टॉपचे बटण एनओ प्रकारचे, म्हणजे दाबल्यावरच वाट जोडणारे होते. यामागे काही विचार होता असे नाही. आमच्या ट्रेनर किटवरची सगळीच बटणे हिरव्या कॉन्टॅक्ट ब्लॉकची, म्हणजे एनओ होती, आणि पहिल्याच तासाला मुलांपुढे दोन प्रकार ठेवून गोंधळ कशाला वाढवायचा, असे मला वाटले होते. रत्नागिरीजवळच्या ज्या तंत्रनिकेतनात मी शिकवते, तेथून समुद्र फार लांब नाही. मे महिन्याच्या सुट्टीपासून कपाटात बंद असलेले ते किट मी जुलैत, ऐन पावसात बाहेर काढले.

किट अगदी साधे आहे. लाकडी पाटावर एक छोटा पीएलसी, 24 व्होल्ट डीसीचा एसएमपीएस, चार बटणे, तीन दिवे आणि एक लहान डीसी मोटर, जिच्या दांड्यावर फिरणे लांबूनही दिसावे म्हणून आमच्या प्रयोगशाळा साहाय्यकांनी अर्धी लाल, अर्धी पांढरी चकती बसवली आहे. दोन तासांत मोटर चालू-बंद करण्याची एकच लॅडर, म्हणजे शिडीसारख्या ओळींत मांडलेला पीएलसीचा प्रोग्राम, मुलांनी स्वतः लिहावी, एवढेच टाचणाचे उद्दिष्ट होते. त्याआधी 20 मिनिटे मी इतिहासासाठी राखून ठेवली होती: 1968 साली जनरल मोटर्सला रिलेंच्या पॅनेलऐवजी काहीतरी बदलता येण्याजोगे हवे होते, त्यातून डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन 084 घडवला, वगैरे. ही 20 मिनिटे पुढच्या बॅचपासून मी काढून टाकली आणि मला त्याची चुटपुट लागलेली नाही.

मुलांनी लिहिलेली लॅडर पुढीलप्रमाणे होती. I0.0 हे स्टार्टचे बटण, I0.1 हे स्टॉपचे आणि Q0.0 ही मोटर.

```
   I0.0        I0.1       Q0.0
|--| |----+----|/|--------( )--|
|  Q0.0   |                    |
|--| |----+                    |
```

स्टार्ट दाबताच Q0.0 चालू होतो, आणि बटण सोडल्यावरही Q0.0 चाच कॉन्टॅक्ट समांतर असल्यामुळे मोटर धरून ठेवली जाते. स्टॉप दाबला की I0.1 चा बिट 1 होतो, |/| उघडतो आणि मोटर थांबते. निदान कागदावर तसे होते.

एका मुलाने स्टार्ट दाबला, चकती गरगरू लागली आणि वर्गात थोडी गडबड झाली. मग त्याने स्टॉप दाबला. चकती फिरतच राहिली. त्याने पुन्हा दाबला, अंगठ्याने जोर देऊन धरून ठेवला, तरीही फरक पडला नाही, तेव्हा "मॅडम, थांबत नाहीये" असे तो जरा घाबरूनच म्हणाला. मी फळ्याकडून वळले आणि किटचा मुख्य स्विच बंद केला. ती तळहाताएवढ्या चकतीची मोटर होती म्हणून काही बिघडले नाही. तिच्या जागी बर्फाच्या कारखान्यातला कन्व्हेयर असता, तर हे वाक्य मला इतक्या शांतपणे लिहिता आले नसते.

आधी माझी चूक सांगते. सकाळी मी किट तपासले होते, पण तपासले होते ते फक्त सुरू होते की नाही एवढेच. थांबवताना बटणाला हात न लावता लॅपटॉपवरून पीएलसी STOP मोडमध्ये टाकला होता. म्हणजे त्या दिवशी ज्या तारेवर सगळे अवलंबून होते, ती तार मी पाहिलीच नव्हती.

टाचण बाजूला ठेवून आम्ही मल्टिमीटर घेतला. मोटरचा आउटपुट काढून ठेवला, पुरवठा पुन्हा दिला आणि एका मुलीला स्टॉप दाबून धरायला सांगितले. I0.1 चा एलईडी लागत नव्हता. बटणाकडे येणाऱ्या तारेवर 24 व्होल्ट होते, मात्र पीएलसीच्या I0.1 टर्मिनलवर 12 च्या आसपास भरत होते, आणि तार जराशी हलवली की आकडा वर-खाली होत होता. अशा 24 व्होल्टच्या इनपुटला साधारणपणे 15 व्होल्टच्या वर गेल्यावर 1 आणि 5 च्या खाली 0 असे निश्चित समजते. मधल्या पट्ट्यात तो काय ठरवील याची हमी कोणी देत नाही. आमच्या पीएलसीने 0 ठरवले. पुरवठा बंद करून बटण दाबलेल्या अवस्थेत रोध मोजला, तर तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या, काटकोनात वळवलेल्या लगपाशी मीटर चार ते सहा किलोओहमच्या दरम्यान हेलकावे खात होता. लग उपसून पाहिला तेव्हा तांब्याच्या बारीक तारांवर हिरवा थर चढलेला होता आणि क्रिम्प केलेल्या भागातून दोन तारा बोटाने ओढताच निघून आल्या. इनपुटला काही मिलिअँपिअरच प्रवाह लागतो, त्यामुळे एवढा रोधही निम्मा दाब खाऊन टाकायला पुरेसा ठरतो. खारी हवा, बंद कपाट आणि स्वस्तातला लग, एवढे पुरले.

लग बदलून पुढे जाणे सोपे होते. पण मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याच्या घरी विहिरीवर पंप आहे, विचारले, "मॅडम, मग आमच्या पंपाच्या स्टार्टरची स्टॉपची तार अशी सडली, तर पंप चालूच राहील का?" या प्रश्नाने तासाची दिशा बदलली. शेजारच्या यंत्र प्रयोगशाळेतून डीओएल स्टार्टर आणून आम्ही त्याचे झाकण उघडले. त्याचे लाल बटण ओव्हरलोड रिलेचा 95-96 हा एनसी, म्हणजे एरवी जोडलेलाच असणारा, कॉन्टॅक्ट उघडते, आणि तो कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी एकसरीत असतो. त्यामुळे ती तार तुटली तर कॉइलचा पुरवठा जातो आणि पंप बंद पडतो. पुन्हा सुरू होत नाही म्हणून माणूस शोधायला निघतो. माझ्या किटवर नेमके उलटे होते. एनओ स्टॉपची तार धड असो वा तुटलेली, बटण दाबेपर्यंत इनपुटवर 0 च असतो, आणि दोन्हींतला फरक कळतो तो थांबवण्याची गरज पडते त्या क्षणी.

मग आम्ही स्टॉपचा हिरवा ब्लॉक काढून त्याच्या जागी 1-2 असे आकडे असलेला लाल, म्हणजे एनसी ब्लॉक लावला, नवीन लग क्रिम्प केला आणि लॅडरला मुद्दामच हात लावला नाही. स्टार्ट दाबला, पण मोटर ढिम्म हलेना. आता मोटरच गेली, असे निम्म्या वर्गाचे मत पडले. बाकीच्यांचे म्हणणे असे की बटण एनसी आहे, लॅडरमध्येही एनसीच काढले आहे, मग चालायलाच हवे. पीएलसी शिकताना सर्वांत चिवट गैरसमज हाच आहे, आणि रिलेच्या आकृत्या आधी शिकवल्यामुळे तो आम्हीच मुलांच्या डोक्यात पेरतो. रिलेच्या आकृतीत चिन्ह म्हणजे प्रत्यक्ष वस्तू असते. लॅडरमध्ये चिन्ह हा त्या बिटाला विचारलेला प्रश्न असतो.

मी सगळ्यांना फक्त I0.1 च्या एलईडीकडे पाहायला सांगितले. कोणीही बटणाला हात लावलेला नव्हता, तरी तो लागलेला होता. पीएलसीला बटण दिसत नाही, ते एनओ आहे की एनसी हेही त्याला ठाऊक नसते. त्याला टर्मिनलवर दाब आहे की नाही एवढेच कळते. | | विचारतो, "बिट 1 आहे का?" आणि |/| विचारतो, "बिट 0 आहे का?" एनसी बटण न दाबता बिट 1 असतो, म्हणून |/| ला "नाही" असे उत्तर मिळते आणि ओळ तुटलेलीच राहते. फळ्यावर मी फक्त "न दाबता" आणि "दाबून" असे दोन शब्द लिहिले आणि दोन्ही प्रकारच्या बटणांसाठी एलईडी लागलेला असेल की विझलेला, हे मुलांकडूनच भरून घेतले. पुढचा बदल त्यांनीच सुचवला: I0.1 चा |/| काढून तेथे | | ठेवायचा.

```
   I0.0        I0.1       Q0.0
|--| |----+----| |--------( )--|
|  Q0.0   |                    |
|--| |----+                    |
```

मोटर सुरू झाली, स्टॉप दाबताच थांबली. नंतर मोटर चालू असताना ज्याने मघाशी अंगठा दाबून धरला होता, त्यालाच मी पेचकसाने स्टॉपची तार टर्मिनलमधून सोडवायला सांगितले. हा 24 व्होल्टचा भाग आहे म्हणूनच हे करू दिले, हेही बजावले. तार निघताच चकती थांबली. तार परत लावली तरी ती आपोआप सुरू झाली नाही, कारण मधल्या काळात धरून ठेवणारा Q0.0 सुटला होता. पुन्हा स्टार्ट दाबावाच लागला.

येथे एका मुलीने हात वर करून, मग इमर्जन्सी स्टॉपही असाच इनपुटला जोडायचा का, असे विचारले. याचे उत्तर नाही असे आहे, आणि ते त्याच तासात देणे मला भाग होते. एनसी बटण तार तुटल्याचे सांगते, पण तीच तार कोठेतरी सोलली जाऊन 24 व्होल्टला चिकटली, तर बिट कायम 1 राहतो आणि स्टॉप पुन्हा मुका होतो. शिवाय पीएलसीच्या आउटपुटचा रिले वेल्ड होऊन चिकटला, तर लॅडर कितीही बरोबर असली तरी मोटर चालूच राहते. म्हणून छत्रीसारखे लाल इमर्जन्सी बटण प्रोग्रामवर न सोपवता थेट आउटपुटच्या पुरवठ्यात टाकतात, म्हणजे ते दाबले की पीएलसी काय म्हणतो याला अर्थच उरत नाही. त्याचा एक वेगळा कॉन्टॅक्ट पीएलसीला कळवण्यापुरता इनपुटला देता येतो. आमच्या किटवर असे बटण नव्हते; दुसऱ्या आठवड्यात साहाय्यकांनी ते मोटरच्या 24 व्होल्टच्या वाटेत बसवून दिले.

टाचण मी त्याच संध्याकाळी फिरवले. पहिली 20 मिनिटे आता पीएलसीत कोणताही प्रोग्राम न घालता जातात: मुले बटणे दाबतात, एलईडी पाहतात, टर्मिनलवरचा दाब मोजतात आणि न दाबता कोणता दिवा लागलेला असायला हवा ते वहीत लिहितात. लॅडर त्यानंतर येते. स्टॉपची तार काढून पाहणे ही टाचणातली ठरलेली पायरी झाली आहे, आणि त्यासाठी एक मुलगा पूर्ण वेळ मुख्य स्विचपाशी उभा असतो.

या पायरीचा एक तोटा चौथ्या बॅचला कळला. मुलांनी प्रोग्राम घातला होता, स्टार्ट अजून कोणी दाबलेला नव्हता, तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, I0.1 चा दिवा लागलेला नाही." मी पेचकस घेतला. तीन बॅचनी काढघाल करून करून त्या टर्मिनलचा स्क्रू सैल झाला होता.