अंगठ्याच्या मुळाशी

१० जून

आज सकाळी एक ५८ वर्षांच्या बाई आल्या. तीस वर्षे ब्लाउज शिवणाऱ्या, हात सतत कामात असलेल्या. तक्रार अशी की बरणीचे झाकण उघडताना, कुलपात किल्ली फिरवताना आणि मुख्य म्हणजे कापड कापायच्या मोठ्या कात्रीवर जोर देताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. मागच्या वर्षी दुसरीकडे हे मनगटावरच्या स्नायूच्या कंडरेचे दुखणे समजून तिथे इंजेक्शन दिले गेले होते आणि त्याचा काहीही उपयोग झाला नव्हता. दोन दुखणी इतकी शेजारी आहेत की ही चूक सहज होते, म्हणून मी आधी त्यांना एका बोटाने नेमकी जागा दाखवायला सांगितली. त्यांनी मनगटाच्या टोकदार हाडावर बोट ठेवले नाही, तर त्याच्या एक बोट पुढे, जिथे अंगठ्याचे लांब हाड मनगटाला येऊन मिळते, तिथे ठेवले. मूठ मिटून अंगठा आत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवल्यावरही त्यांना फारसे दुखले नाही. तिथेच निम्मे निदान झाले: दुखणे कंडरेचे नाही, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यातल्या झिजेचे असावे.

मग ग्राइंड टेस्ट केली. एका हाताने त्यांचे मनगट स्थिर धरले, दुसऱ्या हाताने अंगठ्याचे लांब हाड मुळाजवळ पकडले, ते ट्रॅपेझियम या मनगटातल्या छोट्या हाडावर सरळ दाबले आणि दाब तसाच ठेवून हळूच गोल फिरवले. बाईंचा चेहरा आक्रसण्याआधी माझ्या बोटांना करकर जाणवली, जात्यात खडा सापडावा तशी. ही चाचणी एकदाच आणि बेताने करावी, कारण दुसऱ्यांदा जोर लावून आपल्याला नवे काही कळत नाही आणि समोरच्याचा दिवसभराचा हात मात्र दुखतो. शिवाय ती नकारात्मक आली म्हणून झीज नाही असे समजता येत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत ती अनेकदा काहीच दाखवत नाही.

या सांध्याचा आकार एकमेकांवर उलटे ठेवलेल्या दोन खोगिरांसारखा आहे, म्हणून अंगठा सगळ्या दिशांना फिरतो. त्याची किंमत अशी की चिमटीच्या टोकाशी १ किलो जोर लावला, तर मुळाशी सुमारे १२ किलो भार पडतो. बाईंनी तीस वर्षांत किती वेळा कात्री दाबली असेल, याचा हिशेब मी केला नाही.

एक्स-रे मात्र नीट मागवला. साध्या हाताच्या एक्स-रेमध्ये हा सांधा तिरका दिसतो आणि फसवतो. त्यासाठी हात पूर्ण आतल्या बाजूला पिळून अंगठ्याची पाठ फिल्मवर टेकवून रॉबर्ट व्ह्यू काढावा लागतो, तेव्हा सांध्यातली फट समोरून दिसते. आमच्या तंत्रज्ञाने दुसऱ्या प्रयत्नात तो बरोबर काढला.

या सांध्याची झीज चार टप्प्यांत मोजणाऱ्या ईटन आणि लिटलर यांच्या पद्धतीने पाहिले तर हा तिसरा टप्पा: फट जवळजवळ मिटलेली, कडेला २ मिलिमीटरपेक्षा मोठी हाडाची वाढ, आणि लांब हाड थोडे बाहेर सरकलेले. दुसऱ्या टप्प्यात ही वाढ २ मिलिमीटरच्या आत असते, आणि चौथ्यात ट्रॅपेझियमच्या पलीकडचा, म्हणजे स्कॅफॉइड या शेजारच्या हाडाकडचा सांधाही झिजलेला असतो. बाईंचा तो सांधा स्वच्छ होता. तुलनेसाठी मी डाव्या हाताचाही एक्स-रे काढला होता. तो पाहून क्षणभर थबकलो, कारण डावा सांधा उजव्यापेक्षा जास्त खराब दिसत होता आणि त्याबद्दल बाईंनी कधीही तक्रार केली नव्हती.

१२ जून

डाव्या हाताचा एक्स-रे दोन दिवस डोक्यात आहे. टप्पा आकड्यात असल्यामुळे तो निर्णयच देतो असे वाटते, पण त्यातून फक्त हाडांची अवस्था कळते. एकच फिल्म दोन जाणकारांनी पाहिली तरी दुसरा आणि तिसरा टप्पा यांत मतभेद होतात. मीही पूर्वी तिसरा टप्पा दिसला की शस्त्रक्रियेचे नाव पहिल्याच भेटीत काढत असे.

स्वीडनमधल्या एका छोट्या पाहणीत शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीतल्या ३३ जणांना आधी अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट, हाताची साधने आणि काम करण्याच्या पद्धतीचा सल्ला दिला गेला. सात महिन्यांनी त्यांतल्या सुमारे ७० टक्के जणांना शस्त्रक्रिया नकोशी झाली. याच्या उलट बाजूही आहे: ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, स्वतः करायचे व्यायाम आणि सल्ला सर्वांना दिल्यावर, वर स्प्लिंट दिल्याने आठ आठवड्यांत जास्तीचा फायदा दिसला नाही. त्यामुळे मी बाईंना स्प्लिंट हा उपाय आहे असे सांगितले, पण तो एकटा नाही, आणि तीन महिन्यांत फरक पडला नाही तर आपण पुन्हा बोलू, असेही सांगितले.

३ जुलै

स्प्लिंट फसला, आणि चूक माझी होती. मी लांब, मनगटापर्यंत जाणारा, टणक प्लास्टिकचा स्प्लिंट लिहून दिला. तो घालून कात्री धरता येईना, म्हणून बाईंनी तो कपाटात ठेवून दिला आणि मला मात्र संकोचाने "घालते, डॉक्टर" म्हणाल्या. त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात कातड्यावर लाल खूण नव्हती, तेव्हाच मला शंका आली.

आज आमच्या थेरपिस्टने गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करून नवा, आखूड बसवला: मनगट मोकळे, अंगठ्याचे टोक मोकळे, फक्त मूळ, अंगठा तळहातापासून थोडा दूर राहील अशा स्थितीत धरलेले. हा रात्री आणि आरामात वापरायचा. कामासाठी मऊ निओप्रीनचा पट्टा. तर्जनीच्या मुळाशी असलेला स्नायू बळकट करायचा व्यायाम, कारण तो सांध्याला जागेवर ओढून धरतो. आणि कात्रीला जाड, मऊ मूठ.

२३ सप्टेंबर

बाई आल्या आणि पिशवीतून कालनिर्णय काढला. ज्या रात्री दुखण्याने जाग आली, त्या दिवसावर फुली. जूनमध्ये १७, जुलैमध्ये १४, ऑगस्टमध्ये ९, सप्टेंबरमध्ये आतापर्यंत ५. आकडे इतके स्वच्छ मला क्वचितच मिळतात.

तरी मी शस्त्रक्रिया पूर्ण समजावून सांगितली, कारण पुढे कधी ठरवायची वेळ आली तर त्यांनी अंधारात ठरवू नये. ट्रॅपेझियम हे हाड पूर्ण काढायचे, जागा हळूहळू व्रणाच्या ऊतीने भरते. ही कल्पना १९४९ पासूनची आहे, आणि त्या पोकळीत स्नायूची कंडरा गुंडाळून भरली तरी वेदना जास्त कमी होतात असे दिसलेले नाही. उलट गुंतागुंत वाढते. वेदना बहुतेकांची जाते. पण चार ते सहा आठवडे प्लास्टर, कात्री हातात घ्यायला तीन महिने तरी, आणि चिमटीची ताकद परतायला वर्षही लागते. अंगठा थोडा आखूड होतो. जवळून जाणारी चेतातंतूची फांदी दुखावली तर अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या राहतात. काढलेले हाड परत मिळत नाही.

बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि डावा हात?"

"त्याला काही करायचे नाही."

"मग उजव्यालाही दिवाळीपर्यंत काही करायचे नाही, डॉक्टर. ब्लाउजांची ऑर्डर घेतली आहे."

त्यांच्या कागदावर मी लिहिले: शस्त्रक्रिया तूर्त नाही, रात्रीची जाग महिन्यात दहापेक्षा जास्त झाली, किंवा कात्री धरताच येईना, तर पुन्हा विचार, डाव्या हाताचा एक्स-रे पुन्हा नको. पुढची भेट जानेवारीत, कालनिर्णयासह.