कधी जवळ, कधी परका

‘साखरपुडा होऊन दोन महिने झाले. एक दिवस तो तासभर बोलतो, जेवलीस का विचारतो. दुसऱ्या दिवशी ‘हं’, ‘बघू’, नाहीतर उत्तरच नाही. मी काय करू?’

चार आठवडे त्याला काहीही न विचारता नोंद ठेवा. छोटी वही पुरे. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या: आज तो कसा बोलला, त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या दोघांत काय झालं होतं, आणि आज त्याच्याकडे कामाचं किंवा घरचं काय चालू होतं. ‘दुष्टपणे वागला’ असं लिहू नका. ‘नऊला मेसेज केला, साडेअकराला एका शब्दाचं उत्तर’ असं लिहा. आठवणीवर विसंबून चालत नाही, कारण मनात राहतात ते फार गोड आणि फार कोरडे दिवस. मधले साधे दिवस गळून जातात.

नोंदीची गरज आणखी एका कारणाने आहे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरं दाणे मिळावेत म्हणून बटणावर चोच मारत. दाणे कधी मिळतील याचा नेम नसला, तर ते बंद झाल्यावरही कबुतरं बराच काळ चोच मारत राहत. माणसाच्या मायेच्या बाबतीतही हे दिसतं. आज बोलेल की नाही हे ठाऊक नसलं की आपण फोन अधिकच पाहत राहतो, आणि ती ओढ म्हणजे प्रेमाची खोली असं समजून बसतो. ओढ खरी असते, पण तो माणूस कसा आहे हे ती सांगत नाही.

आता वही वाचायची कशी? समजा मुलगी नाशिकची, मुलगा पुण्यात कंपनीत. चार आठवड्यांत गप्प दिवस निघाले नऊ. त्यांपैकी तीन रात्रपाळीच्या आठवड्यातले. ते बाजूला ठेवा, तिथे प्रश्न झोपेचा आहे. उरलेल्या सहांपैकी पाच दिवस प्रत्यक्ष भेटीनंतरचे किंवा लग्नानंतर कुठे राहायचं यावर मनमोकळं बोलणं झाल्यानंतरचे. म्हणजे जवळीक वाढली की तो मागे सरतो. अशी माणसं बरीच असतात आणि बहुधा त्यात फसवणूक नसते. पण गप्प दिवस जर तुम्ही नकार दिल्यावर, मैत्रिणींबरोबर गेल्यावर किंवा पैशांबद्दल विचारल्यावरच येत असतील, तर ती शिक्षा आहे. तिथे पुढचे उपाय करत बसू नका. घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला वही दाखवा आणि लग्नाची तयारी तिथेच थांबवा.

जवळीक वाढल्यावर मागे सरणाऱ्याशी बोलायचं ते गप्प दिवशी नाही, कारण त्याला तो आरोप वाटतो. फार गोड दिवशीही नाही, कारण तेव्हा तो काहीही कबूल करतो. साधा दिवस निवडा, शक्यतो समोरासमोर. मागणी एकच आणि मोजता येईल अशी ठेवा: “तुला बोलावंसं वाटत नसेल तर ‘आज नको, उद्या रात्री बोलू’ एवढं लिही. मी त्या दिवशी पुन्हा मेसेज करणार नाही.” ‘नेहमी असाच छान वाग’ ही मागणी कुणालाच पाळता येत नाही.

मग आपला अर्धा भाग पाळायचा. गप्प दिवशी एकच मेसेज, त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पहिले दहा-पंधरा दिवस हे सगळ्यात अवघड जातात. सवय मोडताना ओढ कमी व्हायच्या आधी वाढते. बहुतेक जणी नेमक्या इथेच हरतात, रात्री एकला पाच मेसेज पाठवतात, आणि त्यावर त्याचा गोड फोन आला की पाच मेसेज केल्यावर तो बोलतो हे मनाशी पक्कं होतं. त्या तासाला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, ‘म्यूट’वर विसंबू नका.

पुढचे सहा आठवडे तो किती गोड बोलतो हे मोजू नका. ‘उद्या बोलू’ म्हटल्यावर उद्याचा फोन आला का, एवढंच वहीत लिहा. मधे एकदा चुकेल, ते चालतं. चुकल्यावर आपणहून ‘काल राहून गेलं’ म्हणतो का, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक वेळी तुम्हालाच आठवण करून द्यावी लागत असेल, तर लग्नानंतर एका छताखाली ते आपोआप सुधारत नाही. म्हणून कार्यालयाचं बुकिंग हे सहा आठवडे संपेपर्यंत पुढे ढकला. आई-बाबांना कारण सांगताना त्याच्या स्वभावावर बोलू नका, तारखा वाचून दाखवा.

एक गोष्ट वेगळी. तो सलग चार-पाच दिवस जेमतेम तीन तास झोपूनही थकत नसेल, सपाटून खर्च करत असेल, आणि नंतर आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठत नसेल, तर हा नात्याचा प्रश्न नाही. मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला हवं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.